पायची पारी: तीन, दोन, एक

पायच्या पारीचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: तीन भाग मैदा, दोन भाग बटर, एक भाग गार पाणी. मात्र हे भाग वजनाचे. वाटीने मोजलंत तर फसगत होते, कारण चाळून भरलेली मैद्याची वाटी आणि दाबून भरलेली वाटी यांच्या वजनात बराच फरक पडतो.

पीठ किती भिजवायचं, हे टिन ठरवतो. नऊ इंची, म्हणजे 23 सेंमी व्यासाचा आणि 3 सेंमी खोल टिन घेऊ. पारी तळ झाकते, दोन्ही बाजूंना वर चढते आणि काठासाठी थोडी जास्त लागते. म्हणजे 23 अधिक 6 अधिक 2, अशी 31 सेंमीची पोळी लाटायची. तीन मिलिमीटर जाडी ठेवली, तर कातरण धरून साधारण 300 ग्रॅमचा गोळा पुरतो: 150 ग्रॅम मैदा, 100 बटर, 50 पाणी.

आता तेवढाच खोल, पण 18 सेंमीचा टिन असला तर? त्याची पोळी 26 सेंमीची. इथे 31 आणि 26 यांची थेट तुलना चालत नाही, कारण आपण क्षेत्रफळ झाकतो आहोत. दोन्हींचे वर्ग घ्या: 961 आणि 676. दुसरा पहिल्याच्या सुमारे सत्तर टक्के. म्हणजे 105 ग्रॅम मैदा, 70 बटर, 35 पाणी. वरूनही झाकण असलेला पाय असेल, तर झाकणाच्या पोळीचा हिशेब वेगळा धरायचा.

पाण्याचा आकडा मात्र वरची मर्यादा समजा. विकतच्या बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी आधीच असतं, म्हणून 50 ऐवजी 35 ग्रॅमपासून सुरुवात करून पुढे चमच्याने वाढवावं. थिजलेलं तूप किंवा डालडा वापरला, तर त्यात पाणी जवळजवळ नसतं. तिथे पूर्ण माप लागू शकतं. मूठ वळली आणि गोळा हाताला चिकटला नाही, की थांबा.

करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. ते मैद्याच्या कणाकणाला लागतं आणि पारी खुसखुशीत होते. पायला मात्र बटरचे वाटाण्याएवढे तुकडे अख्खे राहायला हवेत. ओव्हनमध्ये ते वितळतात, पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. मुंबईच्या उन्हाळ्यात हे तुकडे हातातच विरघळू लागतात. तेव्हा मैदाही फ्रीजमध्ये ठेवावा.

भाजताना पारी टिनच्या कडेवरून खाली घसरली आणि खाताना चिवट लागली, तर पाणी जास्त पडलं किंवा पीठ फार मळलं गेलं असं समजावं. लाटण्याआधी गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला, की हे आकसणं पुष्कळ कमी होतं. लाटताना कडा भेगाळून भुगा पडत असेल, तर दोष उलटा: आणखी एक चमचा पाणी हवं होतं.