हप्त्याआडचे कर्ज

बदलापूरच्या आमच्या शेजारच्या वहिनींनी मुलीच्या दहावीसाठी ऑनलाइन कोर्स घेतला. किंमत ३६ हजार. ‘महिना फक्त तीन हजार, पंधरा दिवसांत आवडला नाही तर पैसे परत!’ मुलगी दिवसा शाळेत, संध्याकाळी अंबरनाथला क्लासला. पंधरा दिवसांत तिने जेमतेम चार धडे पाहिले. बाराव्या दिवशी वहिनींनी विक्रेत्याला फोन केला. ‘बघतो,’ म्हणाला, आणि मुदत उलटली. खात्यातून हप्ता मात्र कापला गेला. एक धडा साडेसातशेला पडला!

खरी मेख इथेच आहे. तो हप्ता फीचा नव्हता, कर्जाचा होता. वित्तकंपनीने कोर्सवाल्याला पैसे आधीच चुकते केले होते. म्हणून नुसता कोर्स बंद करून भागत नाही. कर्जही बंद व्हावे लागते. हप्ता थकवला तर पत बिघडते ती आपली.

तेव्हा फोनवर विसंबू नका. मुदतीच्या आत कोर्सवाल्याला आणि वित्तकंपनीला, दोघांनाही ईमेल करा. डिजिटल कर्जातून दंडाशिवाय माघार घेण्याची किमान एक दिवसाची मुदत रिझर्व्ह बँकेच्या नियमात असते. पैसे परतले की कर्ज फिटल्याचे पत्र मागून घ्या.

वहिनींनी फोनच्या नोंदीचे छायाचित्र जोडून लेखी मागणी केली, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दोन महिन्यांनी कर्ज बंद झाले. पहिला हप्ता बुडाला तो बुडालाच. तोही हवा असेल, तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही.