इसार परत द्यायचा की नाही?

परवा चुडाव्यात एक लग्न मोडलं आणि मंडपाच्या इसारावरून बोलाचाली झाली. म्हणून आमचा नियम सांगतो.

40,000 चं डेकोरेशन असेल तर 10,000 इसार. त्यावर तारीख अडवतो. दाट तिथीला त्याच दिवसाची दुसरी गिऱ्हाइकं परत पाठवावी लागतात, खरं नुकसान तिथं होतं.

रद्द केल्यावर ती तारीख दुसऱ्याला गेली, तर इसार परत. नाही गेली, तर ठेवतो. नांदेडहून फुलं उचलली असतील तर त्यांचे पैसे वेगळे, बिल दाखवून. हे सगळं बुकिंगच्या पावतीवरच लिहून सही घेतो.

नुसतं 'इसार परत मिळणार नाही' छापून भागत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईच मान्य करतं, तीही लिहिलेल्या रकमेच्या आत.

घरात मयत झाली आणि लग्न पुढं गेलं, तर तुम्ही काय करता? आम्ही इसार नव्या तारखेला वळवतो. काही विचारायचं असेल तर खाली लिहा.