टीबीची गोळी आणि यकृतातलं जाळं

टीबीच्या उपचारात रिफॅम्पिसिन सुरू झालं की लघवी केशरी दिसू लागते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. डोळ्यांना न दिसणारा बदल यकृतात होत असतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या डॉक्टरांना तो वेगळ्याच खुणेवरून उमगला. रिफॅम्पिसिनसोबत गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना पाळी नसताना मध्येच रक्तस्राव होऊ लागला. गोळी न चुकवताही काहींना दिवस गेले.

यकृताच्या पेशीत पातळ पडद्याच्या नळ्यांचं जाळं पसरलेलं असतं. त्याला गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. रायबोसोमचे दाणे नसतात, म्हणून गुळगुळीत. या पडद्यात सायटोक्रोम पी-४५० गटातली विकरं रुतून बसलेली असतात. पुष्कळशी औषधं तेलकट स्वभावाची असल्यामुळे मूत्रपिंडातून गाळली गेली तरी परत रक्तात शिरतात. ही विकरं अशा रेणूला ऑक्सिजनचा एक अणू जोडतात. मग त्याच जाळ्यातलं दुसरं विकर तिथे ग्लुक्युरोनिक आम्ल अडकवतं. आता रेणू पाण्यात विरघळतो आणि लघवीतून किंवा पित्तावाटे निघून जातो.

रिफॅम्पिसिन पेशीच्या केंद्रकातल्या एका ग्राहीला चिकटतं आणि या विकरांची जनुकं जोमाने कामाला लागतात. विकरं वाढतात, त्यांच्यासाठी जाळंही पसरतं. गोळीतलं इस्ट्रोजेन मोडणारं विकर यांतलंच आहे. त्यामुळे हार्मोन आपलं काम करण्याआधीच संपतं.

इस्ट्रोजेन हे स्टेरॉइड, आणि शरीरातल्या सगळ्या स्टेरॉइडांचा कच्चा माल कोलेस्टेरॉल. यकृत तो मुख्यतः याच जाळ्यावर घडवतं. पुढे त्यापासून हार्मोन बनवण्याचं काम मात्र यकृताचं नाही. ते अंडाशय, वृषण आणि अधिवृक्क ग्रंथी करतात, आणि त्यांच्या पेशींतही हे जाळं दाट असतं.

स्नायूत हाच पडदा अगदी निराळ्या कामाला जुंपलेला आहे. तिथे त्यात कॅल्शियम ओढून घेणारे पंप खच्चून भरलेले असतात. मज्जातंतूचा संदेश आला की जाळ्याची दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर पडतं आणि स्नायू आकसतो. पंपांनी ते परत आत ओढलं की सैल पडतो. काही जणांत जन्मतःच या दारांत दोष असतो. अशांना भुलीचे काही वायू दिले, तर दारं उघडीच राहतात, स्नायू ताठरतात आणि अंग झपाट्याने तापतं. तेव्हा डॅन्ट्रोलीन हे औषध कॅल्शियमची ही गळती रोखतं.

यकृतातलं वाढलेलं जाळं औषध थांबताच आवरत नाही. त्याला काही आठवडे लागतात. म्हणून रिफॅम्पिसिन चालू असताना आणि ते बंद झाल्यावरही २८ दिवस गर्भनिरोधक गोळीच्या भरवशावर राहू नका. टीबीचं औषध न थांबवता डॉक्टरांना विचारून तांबी बसवून घ्या.