पाकिटावरचे तीन शब्द

चंद्रपूरच्या दुकानांत सहा-सहा अंड्यांची पाकिटे मिळतात. काहींवर 'फ्री रेंज', 'ऑरगॅनिक' आणि 'अँटिबायोटिक-फ्री' असे शब्द छापलेले असतात. गडचिरोलीच्या आठवडी बाजारात मात्र एखादी बाई टोपलीत तणस पसरून त्यावर गावरान अंडी मांडते. त्या टोपलीवर काहीच लिहिलेले नसते.

'फ्री रेंज' म्हणजे मोकळी फिरणारी कोंबडी. युरोपीय संघाच्या नियमानुसार अशा प्रत्येक कोंबडीमागे बाहेर चार चौरस मीटर जागा लागते. आपल्याकडे अंड्यांसाठी असे मोजमाप कायद्याने ठरवलेले नाही. त्यामुळे हा शब्द उत्पादकाच्या भरवशावर घ्यावा लागतो. कवच तपकिरी आहे, म्हणून कोंबडी मोकळी फिरली असेही समजू नका. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो.

'ऑरगॅनिक' या शब्दाला मात्र कायद्याचा आधार आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे अशा पाकिटावर 'जैविक भारत' हे चिन्ह असावे लागते. कोंबडीला दिलेला दाणाही रासायनिक खत व कीटकनाशक न वापरता पिकवलेला असला पाहिजे. चिन्ह नसेल तर पाकिटावरच्या नुसत्या शब्दाला फारशी किंमत नाही.

तिसरा शब्द सर्वांत फसवा आहे. समजा, आजारी कोंबड्यांना प्रतिजैविक औषध दिले आणि त्याचा शेवटचा डोस १० तारखेला झाला. औषधाच्या बाटलीवर वेगळी मुदत लिहिलेली नसेल, तर त्यानंतर अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस थांबावे, असा नियम आहे. म्हणजे ११ ते १७ तारखेची अंडी विकता येत नाहीत. १८ तारखेच्या अंड्यात तपासणीत औषध सापडले नाही, तर 'अंड्यात औषधाचा अंश नाही' हे म्हणणे खरे ठरेल. पण 'औषध कधी दिलेच नाही' हे म्हणणे खोटे ठरेल. 'अँटिबायोटिक-फ्री' या शब्दाचे हे दोन्ही अर्थ निघतात. शिवाय औषधाला न जुमानणारे जंतू खुराड्यात तयार झाले असतील, तर ते सात दिवसांत निघून जात नाहीत. म्हणूनच माणसांच्या गंभीर आजारांत लागणारे कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना देण्यास भारतात २०१९ मध्ये बंदी झाली.

मग टोपलीतली गावरान अंडी निर्धोक का? तिथली कोंबडी दिवसभर अंगणात फिरते. वाळवी, किडे, सांडलेले तांदूळ टिपते. पण गावात मानमोडीची साथ आली, की घाबरलेला माणूस कधी कधी घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी पाण्यात घोळून कोंबड्यांना पाजतो. मानमोडी हा विषाणूचा रोग. त्यावर ही गोळी चालत नाही. त्याला आधीच लस टोचावी लागते. गोळीचा अंश मात्र अंड्यात उतरू शकतो.

तरी टोपलीवाल्या बाईला एक गोष्ट विचारता येते, "मावशी, कोंबड्यांना औषध शेवटचे कधी दिले होते?" कोंबड्या तिच्याच अंगणातल्या असतील, तर ती दिवस सांगू शकते. दुकानदाराला हेच विचारले, तर तो पाकीट उलटून पाहील.