व्यायाम सुरू केलाय, पण सकाळच्या बशीत प्रथिनं किती?

जिम लावून महिना झाला की मुलं पहिला प्रश्न पावडरीबद्दल विचारतात. त्याआधी घरच्या ताटाचा हिशेब मांडायला हवा.

साध्या, निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर हा आकडा दीड ग्रॅमच्या पुढे न्यावा लागतो. 2018 साली 49 प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यात सरासरी 1.6 ग्रॅमच्या पुढे फारसा फायदा दिसला नाही.

आता 60 किलो वजनाचा, अंडी खाणारा पण मांस न खाणारा मुलगा घेऊ. त्याला रोज साधारण 95 ग्रॅम प्रथिनं हवीत. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे आणि चहा, म्हणजे जेमतेम 6 ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि थोडा भात, 20 ग्रॅम. संध्याकाळी चहा-बिस्किटं, 3. रात्री दोन भाकऱ्या आणि पिठलं, पुन्हा 20. बेरीज पन्नासच्या आसपास. एरवी जगायला ही पुरेशी आहे, पण त्याच्या व्यायामाला निम्मीच.

खरा खड्डा सकाळी आणि संध्याकाळी आहे. एका वेळी वजनाच्या किलोमागे 0.3 ते 0.4 ग्रॅम, म्हणजे या मुलाला 20 ते 25 ग्रॅम मिळाली की स्नायू बांधण्याचं काम चांगलं चालतं. एकाच जेवणात 60 ग्रॅम खाल्ली तर ती पचतात, वाया जात नाहीत. पण दिवसभर थोड्या थोड्या वेळानं मिळणारी चालना राहून जाते. म्हणून तीन-चार तासांच्या अंतरानं चार खाणी बरी.

पोह्यांसोबत तीन उकडलेली अंडी खाल्ली की सकाळ 24 वर जाते. दुपारी वाटीभर घट्ट दही वाढवलं की 25. व्यायामानंतर मूठ-दोन मूठ, म्हणजे 50 ग्रॅम फुटाणे आणि पेलाभर दूध, 18. रात्री पिठल्याऐवजी 30 ग्रॅम कोरड्या सोया वड्यांची भाजी केली तर भाकऱ्यांसकट 25. झाले नव्वदच्या वर, पावडरीविना.

वड्या, डाळ, कडधान्यं कोरडी असतानाच मोजा. भिजल्यावर वजन पाण्यानं फुगतं आणि हिशेब चुकतो. वजन फार जास्त असेल तर सध्याच्या नव्हे, योग्य वजनावर आकडा काढा. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही वाढवू नका.

महिनाभर असं खाऊनही उचलायचं वजन वाढत नसेल आणि काटाही हलत नसेल, तर आणखी प्रथिनं नकोत. एक पोळी आणि थोडा भात वाढवा, कारण बहुतेक वेळा एकूण जेवणच कमी पडत असतं.