चेंडू तळहातात नाही, बोटांवर

मुलांनो, आज रनअप नाही. क्रीजवर उभं राहूनच चेंडू टाकायचा आहे, कारण धावताना हाताच्या चुका दिसत नाहीत, उभ्यानं टाकताना लगेच दिसतात. सगळं उजव्या हाताच्या गोलंदाजाचं सांगतो आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट धरावी.

गैरसमज: चेंडू घट्ट आवळला की वेग येतो.

टेनिस बॉलवर खेळून आलेला अकरा वर्षांचा एक मुलगा मैदानावर आला, तेव्हा त्यानं सीझन बॉलही तसाच मुठीत धरला होता. पाचही बोटं चेंडूभोवती आणि चेंडू तळहातात रुतलेला. टाकला की सीम हवेत गडबडा लोळायची. त्याची ताकद कमी नव्हती. मूठ आवळली की मनगट ताठ होतं, आणि चेंडू सुटताना मनगटानं जो शेवटचा झटका द्यायचा, तोच मिळत नाही.

आता पकड बघा. सीम उभी, फलंदाजाच्या दिशेनं. तर्जनी आणि मधलं बोट सीमच्या दोन बाजूंना, मध्ये पेन्सिल मावेल एवढी फट. खाली अंगठ्याची कड सीमवर टेकलेली. अनामिका दुमडून बाजूनं आधार देते, करंगळीला काही काम नाही. दुसऱ्या हाताचं एक बोट चेंडू आणि तळहात यांच्यामध्ये घालून पाहा. गेलं, तर पकड बरोबर.

*[स्लो मोशन, मागून, हात जवळून: अंगठा आधी सुटतो, दोन बोटं सर्वांत शेवटी चेंडूमागून खाली येतात. इथे थांबवा. चेंडू मागच्या दिशेनं फिरतो आहे.]*

या उलट्या फिरकीमुळेच सीम हवेत उभी राहते. ती कलली, तर बहुधा बोटं चेंडूच्या मागे नसून बाजूला घसरलेली असतात. त्या मुलाला आम्ही टेनिस बॉलच्या मधोमध रंगीत चिकटपट्टीचा एक वेढा दिला आणि पाच पावलांवरून भिंतीवर टाकायला सांगितलं. पट्टी उभी दिसली की बरोबर, डुलली की पुन्हा. हात लहान असेल, तर सुरुवातीला तीन बोटं वर ठेवली तरी चालतं. चेंडूही वयाप्रमाणे घ्या. नियमांत पुरुषांचा चेंडू 155.9 ते 163 ग्रॅमचा, तेरा वर्षांखालच्यांचा मात्र 133 ते 144 ग्रॅमचा आहे. मोठ्या भावाच्या किटमधला जड चेंडू घेतला, तर पकड बिघडणारच.

गैरसमज: कोपर वाकलेलं दिसलं की थ्रो.

यावरून गल्लीत रोज भांडणं होतात, म्हणून नीट ऐका. वाकलेलं कोपर हा गुन्हा नाही. चेंडू टाकताना हात खांद्याच्या पातळीवर आला की तिथपासून चेंडू सुटेपर्यंत वाकलेलं कोपर सरळ करायचं नाही, असा नियम आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये त्याला 15 अंशांपर्यंत सूट आहे, कारण डोळ्यांना न दिसणारी थोडी हालचाल जवळपास सगळ्यांच्या हातात होते. मुथय्या मुरलीधरनचा हात जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नव्हता, तरी चाचण्यांनंतर त्याची शैली नियमात बसली. तुम्ही मात्र हात सरळ ठेवूनच शिका.

*[स्लो मोशन, बाजूनं: हात मांडीजवळून मागे, वर, कानाला घासून पुढे. खांद्याच्या रेषेत आल्यावर थांबवा, कोपर बघा. चेंडू सुटताना पुन्हा थांबवा. दोन्ही चित्रांत कोपर सारखंच हवं.]*

चेंडू डोक्याच्या किंचित पुढे सुटतो. लवकर सोडला तर फुलटॉस जातो, उशिरा सोडला तर आखूड पडतो. टप्पा चुकला की आधी हाच क्षण तपासा.

गैरसमज: खांदा फलंदाजाकडे वळवून, साइड-ऑन टाकणं हीच खरी शैली.

छाती फलंदाजाकडे ठेवूनही चांगली गोलंदाजी होते. धोका आहे तो दोन्हींची सरमिसळ करण्यात. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला असले की चेंडू टाकताना पाठीचा खालचा भाग पिळला जातो. वाढत्या वयात तिथल्या मणक्याच्या हाडाला बारीक चीर पडण्याचा धोका यानंच वाढतो. सलग काही दिवस कंबर दुखली, तर गोलंदाजी थांबवून डॉक्टरांना दाखवा.

*[स्लो मोशन, मागून: मागचा पाय टेकताच थांबवा. कंबरेवर एक रेघ, खांद्यांवर एक रेघ.]*

दोन्ही रेघा साधारण एकाच दिशेला हव्यात. मग डावा हात उंच जातो, डावा पाय टेकतो, डावा हात खाली कंबरेकडे ओढला जातो आणि त्याच ओढीनं उजवा वर येतो. चेंडू सुटल्यावर उजवा हात डाव्या मांडीपलीकडे जाऊ द्या, मध्येच अडवू नका.

त्या मुलाच्या रेघांमध्ये फरक दिसला, कारण मागचा पाय क्रीजला समांतर पडत होता आणि छाती मात्र समोर होती. पायाचा अंगठा फलंदाजाकडे वळवायला सांगितलं, तेव्हा रेघा जुळल्या. हात आम्ही बदललाच नाही.