बिटांची गोष्ट – भाग ९ : उत्तर बरोबर कशावरून?

ऋण संख्या टूज कॉम्प्लिमेंटमध्ये कशी लिहायची, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. धन संख्या बायनरीत मांडायची, सगळे बिट उलटवायचे आणि एक मिळवायचा. कृती एवढीशीच असली तरी परीक्षेत आणि प्रोग्राममध्येही ती नेमकी चुकते. म्हणून आज फक्त पडताळा. संख्या एकच घेऊ, –८८, आणि जागा आठ बिटांची.

८८ म्हणजे ६४ + १६ + ८, म्हणून `01011000`. बिट उलटवले की `10100111`. त्यात एक मिळवताना उजवीकडचे तिन्ही एक शून्य होतात, हातचा चौथ्या घरात जाऊन थांबतो आणि मिळतं `10101000`.

पडताळ्याची सर्वांना सुचणारी रीत बेरजेची. ८८ आणि –८८ यांची बेरीज शून्य यायला हवी:

```
  01011000
+ 10101000
----------
 100000000
```

नववा बिट आठ घरांत मावत नाही, तो सोडून द्यायचा. उरलं शून्य. दुसरी रीत उलट वाटेची: `10101000` चे बिट पुन्हा उलटवले, एक मिळवला, की `01011000` म्हणजे ८८ परत मिळतात. बहुतेक जण इथे समाधानाने पेन खाली ठेवतात. माझ्या मते ही घाई आहे.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने ८८ लिहिताना डावीकडचं शून्य गाळलं आणि `1011000` असे सातच बिट घेतले. उलटवल्यावर `0100111`, एक मिळवल्यावर `0101000`. आता बेरीज करून पाहा: सात घरांत शून्यच येतं. उलट वाटेने गेलात तर `1011000` परत मिळतं. दोन्ही पडताळे बिनतक्रार पास! पण `0101000` म्हणजे ३२ + ८, चक्क धन ४०.

दोन्ही पडताळे फसले, कारण ते फक्त दोन आकृत्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत का, एवढंच पाहतात. त्यांपैकी एक खरोखर ८८ आहे का, हे विचारत नाहीत. सात बिटांत –६४ ते ६३ एवढ्याच संख्या मावतात. तिथे `1011000` म्हणजे ८८ नव्हेच, ते –४०. त्याची विरुद्ध संख्या ४० आली, यात गणिताची काहीच चूक नाही. चूक त्याच्या आधीच, घरं मोजताना झाली.

ही चूक पकडतो तो स्थानिक किमतींचा पडताळा. आठ बिटांत सर्वांत डावीकडच्या घराची किंमत –१२८ धरायची. बाकीची घरं नेहमीसारखी ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आता `10101000` मध्ये जिथे एक आहे, तिथल्या किमती मिळवा:

```
-128 + 32 + 8 = -88
```

हेच दुसऱ्या वाटेनेही करता येतं. चिन्ह विसरून वाचलं तर `10101000` म्हणजे १६८. त्यातून २५६ वजा केले की –८८. डावीकडचा बिट +१२८ म्हणून मोजला, तो खरं तर –१२८ होता; फरक २५६ चा. मात्र ही वजाबाकी डावीकडचा बिट एक असेल तरच करायची.

एक टोकाची संख्या तेवढी वेगळी वागते. `10000000` उलटवून एक मिळवला की पुन्हा `10000000` च येतं. किमतींचा पडताळा सांगतो की हे –१२८. आणि +१२८ ला आठ बिटांत जागाच नाही, तिथली सर्वांत मोठी संख्या १२७. जावामध्ये `Math.abs(Integer.MIN_VALUE)` चं उत्तर ऋण येतं, ते याच कारणाने, फक्त तिथे बिट ३२.

संगणकावर ताळा पाहायचा असेल, तर पायथॉनमधल्या `bin(-88)` वर विसंबू नका. ते `-0b1011000` दाखवतं, म्हणजे ८८ चेच बिट आणि पुढे वजाचं चिन्ह. त्याऐवजी हे लिहा:

```python
format(-88 & 0xFF, '08b')   # '10101000'
int('10101000', 2) - 256    # -88
```

पहिल्या ओळीतलं `0xFF` घरांची संख्या आठवर बांधतं. सोळा बिट हवे असतील तर `0xFFFF` आणि `'016b'`. तेव्हा उत्तर `1111111110101000` येईल: ऋण संख्या रुंद करताना डावीकडे एकच भरायचे. शून्यं भरलीत, तर ती १६८ होऊन बसते.

पुढच्या भागापर्यंत एक काम. `11010110` हे आठ बिटांतलं –४२ आहे, असं मी म्हणतो. विश्वास ठेवू नका. स्थानिक किमतींनी तपासा, आणि मग हीच संख्या सोळा बिटांत लिहून पुन्हा तपासा. तिथे डावीकडच्या घराची किंमत –३२७६८ धरायची.